पंखांच्या आकाराची कविता वाचायची म्हणजे नक्की काय वाचायचं?

शाईचा_डाग
मंडळी मदत हवी आहे. आमच्या वाचनगटात पुढच्या बैठकीला माझी पाळी आहे आणि विषय आलाय 'दिसणारी कविता', म्हणजे जिचा कागदावरचा आकारसुद्धा काहीतरी सांगतो अशी. दोन मजकूर दिलेत. एक सतराव्या शतकातल्या जॉर्ज हर्बर्ट या इंग्रज कवीची 'ईस्टर विंग्ज', ती पंखांच्या आकाराची आहे असं सगळीकडे लिहिलेलं असतं. दुसरं आमच्याच गटातल्या एका मैत्रिणीचं गद्यकाव्य, ते खाली देते (तिला विचारलंय, चालेल म्हणाली).

माझी अडचण अशी की हर्बर्टच्या कवितेत मला पंख दिसतच नाहीयेत, माझ्या पुस्तकात ती सरळ छापली आहे आणि मला तर दोन डमरू एकाखाली एक ठेवल्यासारखे दिसतात. आणि समजा पंख दिसले तरी पुढे काय बोलायचं, 'बघा किती छान पंख' म्हणून खाली बसायचं का. गद्यकाव्यात तर उलटाच प्रॉब्लेम, तिथे नुसता एक परिच्छेद आहे, आकार कसला त्यात. मी प्रिंटआउट काढून बघितलं तर ओळींच्या शेवटी तिकीट, छत्री, वास, दार असे शब्द आलेत, ते मुद्दाम आणलेत असं मला वाटतंय पण खात्री नाही.

हे ते गद्यकाव्य:

किल्ली सापडत नाही म्हणून तो खिसे तपासतो आणि खिशात जुनं तिकीट निघतं आणि तिकिटावरची तारीख वाचताना त्याला आठवतं की त्या दिवशी पाऊस होता आणि ती म्हणाली होती की छत्री तुझ्याकडेच राहू दे आणि छत्री मग कुठे गेली म्हणून तो कपाट उघडतो आणि कपाटात तिचा वास नाही आणि याचा अर्थ किती वर्षं झाली ते मोजायला तो खाली बसतो आणि बसल्यावर कळतं की दार उघडंच आहे. किल्ली लागणारच नव्हती.

टंकनशत्रू
अगदी जिव्हाळ्याचा विषय काढलात. मी स्वतः पायऱ्यांच्या आकाराची कविता लिहिली आहे, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा थोडी उजवीकडे सरकते. पण कुठेही पेस्ट केली की सगळ्या ओळी डावीकडे येऊन चिकटतात, मोबाइलवर तर लांब ओळ मोडून खाली पडते. पायऱ्यांच्या जागी विटांचा ढीग. तुमच्या पुस्तकात पंख दिसत नाहीत त्याचं कारण हेच असणार, फॉन्ट बदलला असेल. स्पेसऐवजी टॅब वापरून बघा.

शाईचा_डाग
अहो माझं छापील पुस्तक आहे, त्यात मी टॅब कुठून देऊ :)

जुनीपुराणी_वही
आपल्याकडे संस्कृतात याला चित्रकाव्य म्हणतात आणि मम्मटाने काव्यप्रकाश या काव्यशास्त्राच्या ग्रंथात ते सगळ्यात खालच्या पायरीवर, 'अवर' म्हणून ठेवलंय. पद्मबंध, खड्गबंध, मुरजबंध, म्हणजे कमळ, तलवार, मृदंग अशा आकारात अक्षरं बसवलेले श्लोक, सगळी कसरत. भारवीने किरातार्जुनीयाच्या १५व्या सर्गात आणि माघाने शिशुपालवधाच्या १९व्या सर्गात ती करून दाखवली, पण त्यांची थोरवी त्यामुळे नाही. इंग्रजीतही हेच, ॲडिसनने १७११ साली 'स्पेक्टेटर'मध्ये अशा आकारातल्या कवितांना खोट्या चातुर्यात टाकलं होतं. तात्पर्य, आकार ही सजावट असते, अर्थ शब्दांत असतो. तुम्ही शब्दांवर बोला, आकाराचं दोन वाक्यांत उरका.

निवांत_वाचक
शाईचा_डाग, आधी तुमच्या डमरूबद्दल. तुम्हाला दिसलं ते बरोबरच आहे. 'द टेंपल' हा संग्रह १६३३ मध्ये हर्बर्टच्या मृत्यूनंतर निघाला, त्यात ही कविता आडवी छापलेली आहे, म्हणजे समोरासमोरच्या दोन पानांवर एकेक कडवं आणि ओळी खालून वर उभ्या गेलेल्या. पुस्तक नेहमीसारखं हातात धरलं की आधी पंख दिसतात, एक अक्षरही न वाचता. मग वाचायचं म्हणून पुस्तक फिरवलं की ओळी सरळ होतात पण पंख जातात आणि उरतं तुमचं डमरू. म्हणजे बघणं आणि वाचणं एकाच वेळी होत नाही, एक सोडल्याशिवाय दुसरं हाती येत नाही. पुढच्या अनेक आवृत्त्यांनी वाचकाची सोय म्हणून ती सरळ केली आणि ते पुस्तक फिरवणंच गेलं. गटात बोलताना एक कागद घेऊन हे करूनच दाखवा.

आता पुढे काय बोलायचं ते. पहिलं कडवं घ्या. दहा ओळी आहेत आणि उच्चारी अवयव, म्हणजे सिलॅबल, मोजले तर १०, ८, ६, ४, २ आणि परत २, ४, ६, ८, १० असे येतात. पहिल्या ओळीत देवाने माणसाला भरपूर देऊन निर्माण केलं, दुसरीत माणसाने ते मूर्खपणाने घालवलं, मग कमी कमी होत गेलं, आणि पाचव्या ओळीत दोनच शब्द, 'मोस्ट पुअर'. अगदी दरिद्री. माणसाकडे काही उरलं नाही आणि ओळीकडेही काही उरलं नाही. लगेच सहावी ओळ पण दोनच शब्दांची, 'विथ दी', तुझ्यासोबत. इथून ओळी परत रुंद व्हायला लागतात, मला भरारी घेऊ दे, चंडोल पक्ष्यासारखं, वगैरे.

दुसऱ्या कडव्यात तोच सांगाडा पण आता गोष्ट सगळ्या मानवजातीची नाही, स्वतःची. आजारपणं, शरम, आणि पाचव्या ओळीत 'मोस्ट थिन', अगदी कृश. सबंध कडव्यातली सगळ्यात कृश जागाही तीच. त्यामुळे आकार अर्थाच्या *शेजारी* ठेवलेला नाहीये, 'कृश' हा शब्द वाचताना तुम्ही कृश ओळ वाचत असता.

जुनीपुराणी_वही
ठीक, पण हे गणित कवीला आधी सुचलं आणि शब्द त्यात कोंबले असं का नसेल?

निवांत_वाचक
असेलही. सिमियास नावाच्या ग्रीक कवीच्या पंख, कुऱ्हाड आणि अंडं अशा आकाराच्या कविता आहेत, ख्रिस्तपूर्व ३००च्या आसपासच्या, म्हणजे हर्बर्टला पंखांचा साचा शोधून काढावा लागला असं काही नाही. प्रश्न साचा कुठून आला हा नाही, साच्यातली सगळ्यात अवघड जागा त्याने कशासाठी वापरली हा आहे. दुसऱ्या कडव्याच्या नवव्या ओळीत तो बाजाच्या शिकारीतला एक शब्द आणतो, 'इंप'. पाळलेल्या बाजाचं पीस तुटलं की त्याच जागी दुसरं पीस जोडून देतात म्हणजे त्याला परत उडता येतं, त्या कामाला तो शब्द आहे. कवी म्हणतो, माझा पंख मी तुझ्या पंखावर असा जोडला तर माझं दुःखच मला वर नेईल. आता आकार बघा. वरचा भाग निमुळता होऊन तुटल्यासारखा थांबतो, बरोब्बर त्याच टोकाला 'तुझ्यासोबत' येऊन चिकटतं, आणि तिथून पंख परत भरतो. जोड दिलेली जागा दिसते आणि जोड देण्याबद्दल वाचायलाही मिळतं, पण तीन ओळी उशिरा. ती नववी ओळ वाचल्यावर डोळा परत मध्यावर जातो की नाही ते बघा, माझा दर वेळी जातो.

आणि मम्मटाबद्दल थोडी दुरुस्ती, रागावू नका. तो अवर म्हणतो ते ज्यात व्यंग्य, म्हणजे सूचित अर्थ, नाही अशा काव्याला, त्यात नुसती अनुप्रासाची आतषबाजीही येते. पद्मबंध वगैरे बंध नवव्या उल्लासात, म्हणजे प्रकरणात, अलंकार म्हणून वेगळे येतात. म्हणजे कागदावर आकार आहे *म्हणून* अवर, असं त्याचं म्हणणं नाही. 'विंग्ज'मध्ये व्यंग्य आहे की नाही यावर भांडू हवं तर.

जुनीपुराणी_वही
रागावत नाही. नववा उल्लास परत काढून बघतो. पण पद्मबंधात कमळाच्या मधलं एकच अक्षर प्रत्येक पाकळीसाठी परत परत वाचतात, त्यातून काय अर्थ निघतो ते मला चाळीस वर्षांत कुणी सांगितलं नाही.

खिडकीपाशी
मी सहसा लिहीत नाही इथे पण या धाग्यावर लिहावंसं वाटलं. मला दिसत नाही, मी स्क्रीन रीडरवर ऐकून वाचते. आकाराच्या कविता म्हणजे माझ्यासाठी दुसऱ्यांनी सांगितलेली अफवा असते, 'ती अशी अशी दिसते' म्हणून. पण निवांत_वाचक यांनी मोजून दाखवलं ते वाचून मी ही कविता इंग्रजीत तीनदा ऐकली आणि ओळी आखूड होत जातात ते चक्क ऐकू येतं, वाक्य आटत जातं आणि दोन शब्दांवर येऊन जवळजवळ थांबतं, मग परत श्वास मोठा होतो. पंख मला दिसले नाहीत पण काहीतरी बारीक होऊन परत भरलं हे कळलं.

याच्या उलट अनुभव सांगते. ऑयगेन गोमरिंगरची १९५०च्या दशकातली एक जर्मन कविता आहे, त्यात मौन या अर्थाचा एकच शब्द चौदा वेळा येतो, बाकी काही नाही. माझ्या रीडरने तो शब्द चौदा वेळा सलग म्हणून दाखवला आणि मला वाटलं काय हा फालतूपणा. नंतर एका मैत्रिणीने टेबलावर चौदा बटणं मांडली, तीन तीनच्या पाच ओळी, फक्त मधल्या ओळीत मधली जागा रिकामी. माझा हात फिरवला त्यावरून. त्या रिकाम्या जागेत बोट गेलं तेव्हा कविता कळली. शब्द बोलले की मौन मोडतं, खरं मौन फक्त त्या भोकात आहे.

मी_मुक्तछंद
वा, बटणांची आयडिया भारी! मी ती मराठीत करून टाकतोय इथे:

मौन मौन मौन
मौन मौन मौन
मौन मौन
मौन मौन मौन
मौन मौन मौन

शाईचा_डाग
तिसऱ्या ओळीत एक मौन टाइप करायचं राहिलं का?

मी_मुक्तछंद
नाही हो, मी मध्ये भरपूर स्पेस दिल्या होत्या, साइटने खाल्ल्या. प्रीव्ह्यूमध्ये बरोबर होतं.

टंकनशत्रू
बघा! मी सांगत होतो ना! वेबपेजवर लागोपाठच्या कितीही स्पेस एकच धरल्या जातात. `<pre>` चालत असेल तर त्यात टाका, नाहीतर ` `.

निवांत_वाचक
ही चूक फार कामाची झाली, पुसू नका. भोक मधून सरकून उजव्या कडेला गेलं आणि कविता बदलली. मधलं भोक चारही बाजूंनी शब्दांनी वेढलेलं असतं, शब्दांच्या गजबजाटात सापडलेली शांत जागा. कडेचं भोक म्हणजे नुसती आखूड ओळ, आणि शाईचा_डाग यांनी ते लगेच 'राहून गेलं' म्हणून वाचलं, मौन म्हणून नाही. शब्द तेच, संख्या तीच चौदा, फक्त रिकामी जागा एक घर सरकली. आकार अर्थ वाहतो की नाही ते तपासायला हे मला सगळ्यात सोपं वाटतं, आकार थोडासा बिघडवायचा आणि वाचताना आपण काय वेगळं समजतो ते बघायचं. काहीच वेगळं समजलं नाही तर ती सजावट, तिथे जुनीपुराणी_वही यांचं बरोबर.

टंकनशत्रू
मग माझ्या पायऱ्या तपासा. साइट खाणारच आहे त्यामुळे प्रत्येक ओळ आधीच्यापेक्षा उजवीकडे आहे असं समजून वाचा:

संध्याकाळ आली
पक्षी परतले
दिवे लागले
माझं मन
तुझी वाट बघतं

मी_मुक्तछंद
छान आहे. पण पायऱ्या का?

टंकनशत्रू
संध्याकाळ खाली उतरते ना.

निवांत_वाचक
संध्याकाळ उतरते ती पहिल्या ओळीतच उतरून झाली. नंतर पक्षी परततात, दिवे लागतात, यात काही खाली जात नाही, आणि शेवटी वाट बघणं आहे, ते तर जागच्या जागी असतं. आता या ओळी साइटने डावीकडे चिकटवल्यात आणि खरं सांगतो मला काही गमावल्यासारखं वाटलं नाही. याउलट फक्त शेवटची ओळ लांब उजवीकडे एकटी ठेवली आणि बाकीच्या डावीकडे ठेवल्या तर मधली रिकामी जागा डोळ्याला ओलांडावी लागेल, त्यात वाट बघण्याचं काहीतरी येईल. करून बघा, कदाचित तेही जमणार नाही.

टंकनशत्रू
हम्म. पायऱ्या करायला दोन तास लागले होते हो.

मी_मुक्तछंद
मी रात्री बसून 'विंग्ज'च्या पहिल्या अर्ध्या कडव्याचं मराठी केलं, अक्षरं मोजून, १०-८-६-४-२:

दिलंस भरभरून सारं
वेड्या हातांनी सांडलं
कमी कमी होत
मी उरलो
रिता

शाईचा_डाग
'रिता' मस्त! मोजलं मी, बरोबर आहे दहा आठ सहा चार दोन.

खिडकीपाशी
मला ऐकताना पहिल्या दोन ओळी सारख्याच लांबीच्या वाटल्या. तिसरीला एकदम पडल्यासारखं झालं. मोजणी बरोबर असेल तर माझा कान चुकतोय का?

निवांत_वाचक
कान बरोबर आहे. लिहिताना 'दिलंस'मध्ये तीन अक्षरं आहेत पण आपण म्हणतो दि-लंस, दोन. 'भरभरून' लिहायला पाच, म्हणायला भर-भ-रून, तीन. म्हणजे पहिली ओळ कागदावर १० आणि तोंडात ७. दुसरी ओळ कागदावर ८, पण 'सांडलं'चं सांड-लं होतं म्हणून तोंडात तीही ७. तिसरी ६ दिसते, 'होत'चा त हलका जातो म्हणून ५. हर्बर्टचे आकडे उच्चारांचे आहेत, तुम्ही लिपीतली अक्षरं मोजलीत. डोळ्याला आकार मिळाला, श्वासाला नाही. मराठीत असं करायचं तर अक्षराच्या शेवटी स्वर खरोखर उच्चारला जातो असेच शब्द घ्यावे लागतील, आणि ते फार जाचक आहे.

मी_मुक्तछंद
च्यायला, हे डोक्यातच आलं नव्हतं. परत केलं:

तू दिलेलं सारं हाती होतं
वेडेपणी वाया गेलं
थोडं थोडं जाता
झालो पुरा
रिता

खिडकीपाशी
हो. आता पायरीपायरीने बारीक होतंय.

जुनीपुराणी_वही
'झालो पुरा' भरीचं आहे. पुरा हा शब्द फक्त चार आकडे भरायला आलाय.

मी_मुक्तछंद
मान्य काका. पण 'पुरा रिता' यात पुरं असणं आणि रितं असणं एकत्र येतं असं मला वाटलं.

जुनीपुराणी_वही
ते तुम्हाला नंतर वाटलं.

निवांत_वाचक
:) अवांतर, वरचं भाषांतर मध्यभागी आणून बघितलंत तर अर्धं डमरू दिसेल, डावीकडे ठेवलंत तर तिरका कापलेला कागद. हर्बर्टकडे दोन्ही बाजूंनी आटणं आहे. पण मध्यभागी आणणं ही कुणालाही करता येणारी गोष्ट आहे, वाढदिवसाच्या शुभेच्छाही मध्यभागी आणल्या की कसलातरी आकार येतोच. म्हणून मी आधी मोजतो, मग बघतो.

शाईचा_डाग
हे सगळं सोन्यासारखं आहे, वहीत उतरवतेय. पण माझं गद्यकाव्य राहिलं. तिकीट, छत्री, वास, दार. ते ओळीच्या शेवटी येणं मुद्दाम आहे की नाही?

मी_मुक्तछंद
मला तर वाटतं मुद्दामच. चारही शब्द म्हणजे नात्याची गोष्टच आहे, तिकीट म्हणजे प्रवास, छत्री म्हणजे आसरा, वास म्हणजे आठवण, दार म्हणजे शेवट. कवयित्रीने ओळी तिथेच तोडल्यात.

निवांत_वाचक
ओळी तिने तोडल्याच नाहीत, प्रिंटरने तोडल्यात. हेच गद्यकाव्य मला माझ्या स्क्रीनवर दिसतंय त्यात ओळींच्या शेवटी 'वाचताना', 'राहू' आणि 'अर्थ' आलेत. मोबाइलवर आणखी वेगळे येतील. गद्यकाव्यात ओळ हे एककच नसतं, उजवी कड जिथे लागेल तिथे ओळ संपते. त्यावर अर्थ लावणं म्हणजे कागदाच्या रुंदीवर अर्थ लावणं. शंका असेल तर तोच मजकूर दोन ठिकाणी बघायचा, ओळी तिथेच तुटल्या तर कवीच्या, सरकल्या तर नाही.

पण म्हणून आकार नाही असं मात्र नाही. ओळ *न* तोडणं हाच इथला आकार आहे. मी तुमच्या मैत्रिणीचा मजकूर 'आणि'पाशी तोडून पाहिला. 'आणि' सात वेळा आलाय, म्हणजे आठ ओळी होतात. त्यातला हा तुकडा बघा:

म्हणून तो कपाट उघडतो
आणि कपाटात तिचा वास नाही
आणि याचा अर्थ किती वर्षं झाली

असं तोडलं की 'कपाटात तिचा वास नाही' ही ओळ एकटी उभी राहते, तिच्या दोन्ही बाजूंना पांढरी जागा येते, वाचणारा थांबतो आणि कवी सांगतोय की बघा बघा हे दुःख. मूळ परिच्छेदात तेच चार शब्द दोन 'आणि'च्या मध्ये दाबलेले आहेत, तो माणूस स्वतःच तिथे थांबत नाही, किल्ली शोधायच्या घाईत पुढे जातो आणि आपल्यालाही ओढून नेतो. मला पहिल्या वाचनात ते चार शब्द निसटलेच होते. थांबायला जागा मिळते ती थेट पहिल्या पूर्णविरामाला, 'दार उघडंच आहे' याच्यानंतर. मग तीन शब्दांचं शेवटचं वाक्य. एवढ्या लांबलचक वाक्यानंतर ते आलं म्हणून ते आखूड लागतं. ठोकळ्यासारखा परिच्छेद दिसला की डोळा म्हणतो इथे दम घेता येणार नाही, आणि ते वाचायला सुरुवात करायच्या आधीच कळतं.

शाईचा_डाग
ओह. म्हणजे मी ज्याला 'आकार नाही' म्हणत होते तोच आकार. मी तर 'वास' ओळीच्या शेवटी आला म्हणून तिथेच थांबून राहिले होते, म्हणजे प्रिंटरने मला नेमकं नको तिथे थांबवलं.

जुनीपुराणी_वही
इथे मी एक घालतो. ओळ प्रिंटरची, हे सगळीकडे खरं नाही. फ्रेंचमधला गद्यकाव्याचा अगदी सुरुवातीचा संग्रह, आलोइझियुस बेर्त्राँचा, १८४२ साली त्याच्या मरणानंतर आला. त्याने पान जुळवणाऱ्यासाठी सूचना लिहून ठेवल्या होत्या, की मजकूर जणू पद्य आहे असं समजून मध्ये मोकळी पांढरी जागा सोडा. म्हणजे परिच्छेदांमधला पांढरा भाग कवीचा आहे, जुळाऱ्याचा नाही. मग तुम्ही कसं ठरवणार कुठलं पांढरं कुणाचं?

निवांत_वाचक
चांगला मुद्दा. परिच्छेदांमधली जागा आवृत्ती बदलली तरी बहुतेक टिकते, ओळीचा शेवट टिकत नाही, त्यामुळे पहिली मी वाचतो आणि दुसरी सोडून देतो. अडचण येते ती कवीने स्तंभाची रुंदीच ठरवून दिली असेल तर. अरुंद चौकोनात दोन्ही कडा सरळ करून बसवलेलं गद्यकाव्य असतं, शब्दांमध्ये विचित्र फटी पडतात, कधी शब्द मधूनच तुटतो, आणि पुढच्या आवृत्तीतही तो चौकोन तसाच असतो. तिथे ओळीच्या शेवटी आलेल्या शब्दाला वजन द्यायचं का? कवीने चौकोन निवडला, पण त्या चौकोनात कुठला शब्द कडेला जाईल ते निवडलं का? मला आजवर याचं एक उत्तर देता आलेलं नाही, कविता बघून ठरवतो.

मी_मुक्तछंद
मी म्हणतो वाचणाऱ्याला दिसलं ना, मग ते कवितेत आहे. प्रिंटरने केलं काय आणि कवीने केलं काय.

जुनीपुराणी_वही
मग शाईचा डाग पडला तर तोही कवितेतच?

शाईचा_डाग
मला मध्ये घेऊ नका :))

खिडकीपाशी
मी_मुक्तछंद, तुमच्या हिशेबाने माझ्या रीडरने चौदा वेळा मौन म्हटलं तीपण एक आवृत्तीच झाली. पण ती चुकीची आवृत्ती होती, हे मला बटणांनंतर कळलं आणि कळल्यावर परत तशी वाचता आली नाही. त्यामुळे काहीही चालतं असं मला नाही वाटत. गद्यकाव्य मात्र मला कुणाच्या मदतीशिवाय कळलं, रीडर पूर्णविरामालाच थांबतो आणि त्या लांब वाक्यात कुठेच थांबला नाही.

मी_मुक्तछंद
हे पटलं, विचार करतो. पण पूर्ण नाही पटलं.

टंकनशत्रू
शेवटची ओळ एकटी उजवीकडे ठेवून बघितली. बायकोला दाखवली, तिने विचारलं ही ओळ चुकून तिकडे गेली का. आता बाकीच्या ओळी काढून टाकून फक्त तीच ठेवावी असं वाटायला लागलंय.

शाईचा_डाग
बैठक परवा आहे. ठरवलंय की आधी कागद आडवा धरून पंख दाखवायचे, मग फिरवून वाचायचं, आणि 'मोस्ट थिन' पाशी थोडं थांबायचं. गद्यकाव्य मात्र मी न थांबता वाचणार, दम लागला तर लागला.

एक मजा सांगते. सराव म्हणून कवितेचा आडवा फोटो फोनवर उघडला, पंख दिसले, मग वाचायला फोन फिरवला तर स्क्रीनपण फिरली आणि समोर परत पंखच. परत फिरवला, परत पंख. पाच मिनिटं मी सोफ्यावर फोन गोल गोल फिरवत बसले होते, मुलाने येऊन ऑटो रोटेट बंद करून दिलं.